इयत्ता तिसरीच्या तपासणी-तक्त्यात एक रकाना वाढवावा म्हणून

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यातील पालघर येथून झाला, आणि तेव्हापासून वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व औषधनिर्माता यांची फिरती पथके वर्षातून एकदा शाळेच्या ओसरीवर तक्ते मांडून मुलांची नजर, कान, वजन, उंची, त्वचा व दात पाहत आली आहेत. दातांच्या सदरात पथकाने मुख्यत्वे कीड पाहावी अशी अपेक्षा असते, आणि ती योग्यच आहे. परंतु त्याच मुलाने तोंड उघडले असता आणखी अर्ध्या मिनिटात जे व्यंग ओळखता येते, ज्याचा इलाज आठव्या वर्षी एका लहानशा स्क्रूने होतो आणि विसाव्या वर्षी कित्येकदा शस्त्रक्रियेवाचून होत नाही, त्याला तक्त्यात जागा नाही, याकडे आपले लक्ष वेधावे एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच आहे. मी जिल्ह्याच्या गावी दातांना तारा बसवण्याचा व्यवसाय करणारा एक दंतवैद्य आहे. ज्या रुग्णांना माझ्याकडे यायला दहा वर्षे उशीर झाला त्यांची संख्या माझ्या दप्तरात कमी नाही, व म्हणून हे लिहिण्याचा काहीसा अधिकार मला आहे असे मी समजतो.

ज्या व्यंगाविषयी मी लिहीत आहे त्याला आम्ही क्रॉसबाइट म्हणतो. निसर्गाची योजना अशी की वरच्या दातांची कमान खालच्या कमानीपेक्षा किंचित रुंद असावी आणि वरच्या दाढांची बाहेरची टोके खालच्या दाढांना बाहेरून झाकून घेणारी असावीत. वरचा जबडा अरुंद राहिला की हा क्रम उलटतो आणि वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत, जिभेच्या बाजूला जाऊन बसतात. दीर्घकाळ अंगठा चोखणे, ॲडिनॉइड वाढल्यामुळे तोंडाने श्वास घेणे आणि त्यापायी जीभ टाळूला न टेकता खाली पडून राहणे, ही त्याची नित्याची कारणे होत. काही घराण्यांत अरुंद टाळू वारशानेही येतो.

येथवर वाचून कोणासही वाटेल की दाढा थोड्या आत गेल्या तर बिघडले काय, मूल जेवते आहे, हसते आहे. पण क्रॉसबाइटची जी जात लहान मुलांत सर्वांत अधिक आढळते ती दिसते एका बाजूला आणि असते मात्र दोन्ही बाजूंना, आणि सारा अनर्थ या फसवेपणातूनच उद्भवतो. वरचा जबडा उजव्या-डाव्या दोन्ही अंगांनी सारखाच थोडासा अरुंद असला, म्हणजे मूल सरळ तोंड मिटू गेले असता दाढांची टोके दोन्हीकडे टोकावर टोक येऊन आदळतात. तशा अवस्थेत घास चावता येत नाही. मग मूल नकळत खालचा जबडा एका बाजूला सरकवते. एका बाजूच्या दाढा नीट बसतात, दुसऱ्या बाजूच्या पूर्ण उलट्या होतात, आणि या सोयीची सवय काही महिन्यांत इतकी पक्की होते की मुलाला आपण जबडा सरकवतो याचे भानही उरत नाही. पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच की हनुवटी थोडी एका अंगाला कललेली आहे.

वाढते मूल आणि पूर्ण वाढलेला माणूस यांतील भेद येथे निर्णायक ठरतो. सरकलेल्या जबड्याचा एका बाजूचा सांधा पुढे ओढला जातो, दुसऱ्या बाजूचा जागीच राहतो, आणि जबड्याचे हाड तर वाढत असते. अशा वाकड्या बैठकीत वर्षानुवर्षे वाढ होत गेली की दोन बाजूंची लांबी सारखी राहण्याची शाश्वती उरत नाही. सातव्या-आठव्या वर्षी जो केवळ सवयीचा कल असतो, जो वरचा जबडा रुंद करताच बहुतेक मुलांत आपोआप नाहीसा होतो, तोच तारुण्यात हाडाच्या आकाराचा भाग होऊन बसतो. प्रत्येक मुलात तो तसा होतोच असे मी म्हणणार नाही. पण कोणत्या मुलात होईल हे आधी सांगण्याची विद्या आमच्याजवळ नाही, आणि उपाय इतका सौम्य असताना ती जोखीम मुलाच्या माथी मारण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

आता वरच्या जबड्याविषयी, कारण मुदतीचा खरा प्रश्न तेथे आहे. टाळूचे हाड जन्मतः एकसंध नसते. उजवा व डावा असे दोन भाग मधोमध एका शिवणीने जोडलेले असतात. डेन्मार्कमध्ये बिर्टे मेल्सेन यांनी मृत बालकांच्या व तरुणांच्या टाळूंचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून १९७५ साली जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यावरून ही शिवण बालपणी रुंद व सरळ असते, दहाव्या वर्षानंतर ती नागमोडी होऊ लागते आणि पौगंडावस्थेत दोन्ही बाजूंची हाडे, दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तशी, परस्परांत शिरतात. ती पुरती हाडाने भरून येण्याचे वय मात्र माणसागणिक फार बदलते. पेर्सन आणि थिलँडर यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात पंधराव्या वर्षीच शिवण मिटू लागलेली व्यक्तीही आहे आणि सत्तावीस वर्षांची होऊनही जिची शिवण मिटली नव्हती अशीही आहे. म्हणून वयाची एखादी तारीख मुकर्रर करून तिच्यानंतर दार बंद, असे सांगणारा वैद्य धाडसी म्हणावा लागेल. परंतु हाडे मिटण्याच्या कितीतरी आधी ती गुंतलेली असतात, गुंतलेली हाडे विलग करायला अधिक जोर लागतो, आणि तो जोर शिवणीवर न पडता दाढांवर पडू लागतो, ही गोष्ट निश्चित आहे.

ही शिवण उघडता येते हा शोध नवा नाही. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील इमर्सन एंजेल नावाच्या दंतवैद्याने १८६० साली चौदा वर्षांच्या एका मुलीच्या वरच्या दातांमध्ये स्क्रू बसवला, मुलीकडून तो नित्य फिरवून घेतला, आणि दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली, त्यावरून टाळूची हाडे विलग झाली असे अनुमान केले. समकालीनांनी त्यावर अविश्वास दाखवला आणि क्ष-किरणांचा शोध तर आणखी पस्तीस वर्षांनी लागायचा होता. बिचाऱ्याजवळ पुरावा म्हणून ती फटच काय ती होती. पुढे शंभर वर्षांनी अँड्र्यू हास यांनी प्रथम डुकरांवर व मग मुलांवर प्रयोग करून १९६१ साली हे तंत्र पुन्हा प्रतिष्ठित केले. एंजेलने पाहिलेली फट आजही आमची पहिली खूण आहे: किशोरवयीन मुलात स्क्रू आठवडाभर फिरवूनही वरच्या पटाशीच्या दातांमध्ये फट दिसेना, तर शिवण उघडत नसून दाढा केवळ बाहेर कलत आहेत असा संशय घेऊन हात आवरता घ्यावा लागतो.

एक उदाहरण तपशिलाने सांगतो. तिसरीतली, आठ वर्षांची मुलगी. आली होती किडलेल्या दुधाच्या दाढेसाठी. माझी नजर हनुवटीवर गेली तशी आई म्हणाली, “ते तिचं पहिल्यापासून आहे हो डॉक्टर, आमच्या सासूबाईंवर गेलीये.” मुलीला मोठा आ करायला सांगितले, तेव्हा वरच्या व खालच्या पटाशीच्या दातांमधल्या रेषा एका ओळीत होत्या. मग सावकाश तोंड मिटायला सांगितले. डाव्या बाजूचा दुधाचा सुळा प्रथम टेकला, तेथून जबडा डावीकडे घसरला, आणि तोंड पुरते मिटले तेव्हा खालची रेषा वरच्या रेषेपासून ३ मिलिमीटर डावीकडे होती. डाव्या बाजूच्या दुधाच्या दाढा व सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ अशा साऱ्या उलट्या. जबडा हाताने सरळ धरून मिटवला तर दोन्हीकडे टोकावर टोक. सासूबाईंचा यात काही संबंध नव्हता.

साच्यांवर मोजणी केली तेव्हा वरच्या दाढांमधील रुंदी ४ मिलिमीटरने कमी भरली. त्यात २ मिलिमीटर जादा धरायची, कारण साधन काढल्यावर दात थोडे परत येतातच. म्हणजे गाठायचे ते ६ मिलिमीटर. दाढांमध्ये रबरी कड्या घालून थोडी जागा केली, दाढांवर पोलादी पट्ट्यांचे माप घेतले, आणि प्रयोगशाळेतून टाळूच्या मधोमध स्क्रू असलेले साधन करवून ते सिमेंटने पक्के बसवले. या स्क्रूचा एक फेरा पाव मिलिमीटर रुंदी देतो; तेव्हा ६ मिलिमीटरला चोवीस फेरे झाले. एक दिवसाआड एक फेरा, म्हणजे सुमारे सात आठवडे.

मोठ्या मुलांत आम्ही दिवसाला दोन फेरेही देतो, मग लहान मुलीत ही मंद गती का, असा प्रश्न आपल्या सल्लागारांपैकी कोणी विचारील. शिवण इतकी मोकळी असते की जोराची गरजच नसते. शिवाय कोवळ्या वयात जोरदार व जलद रुंदीकरण केले तर नाकाच्या बुडाशी हाडांचा फुगवटा येण्याचा दोष प्रमाणभूत ग्रंथांत नमूद आहे. आठवड्याला सुमारे एक मिलिमीटर हा बेत हाडालाही झेपतो आणि मुलालाही.

फेरा देण्याचे काम आईचे. चावी स्क्रूच्या छिद्रात पुढून घालायची, घशाच्या दिशेने पुरती फिरवायची, आणि पुढचे छिद्र समोर दिसू लागल्याशिवाय बाहेर काढायची नाही. अर्ध्यातच काढली तर पुढच्या खेपेला छिद्रच सापडत नाही आणि माय-लेकी दोघी रडकुंडीला येतात. चावी घशात पडू नये म्हणून तिला दोरा बांधून तो बोटाला गुंडाळायचा. प्रत्येक फेऱ्याची खूण या बाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर केली होती. मध्यंतरी माहेरच्या लग्नात तीन फेरे चुकले. त्यांनी फोन करून विचारले की आता चारही एकदम देऊ का. नाही. चुकलेले सोडून द्यायचे आणि पुढे चालू ठेवायचे, एवढाच नियम. पहिले काही दिवस लाळ फार सुटली, बोलणे बोबडे झाले, टाळूत पोळीचे तुकडे अडकू लागले. आठवड्याभरात सारे सवयीचे झाले. दुखणे म्हणाल तर फेऱ्यानंतर काही मिनिटे नाकाच्या मुळाशी दडपण, एवढेच.

चुकलेल्या फेऱ्यांमुळे सातऐवजी आठव्या आठवड्याच्या शेवटी वरच्या दाढांची आतली टोके खालच्या दाढांच्या बाहेरच्या टोकांवर आली, म्हणजे ठरवलेली जादा रुंदी मिळाली. स्क्रूवर ॲक्रिलिकचा थेंब टाकून तो कायमचा थांबवला. पुढच्या दातांमधली फट, जी पाहून आजी धास्तावली होती, ती हिरडीतील तंतूंच्या ओढीने आपोआप मिटत गेली. साधन मात्र आणखी सहा महिने तोंडात तसेच राहिले, कारण उघडलेल्या शिवणीत नवे हाड भरेपर्यंत आधार हवा असतो. चावा सुधारला म्हणून पालक घाई करतात आणि साधन लवकर काढले की टाळू पुन्हा आवळतो. ते काढले तेव्हा मुलगी सरळ तोंड मिटत होती आणि दोन्ही रेषा एका ओळीत होत्या. खालच्या जबड्याला आम्ही हातही लावला नव्हता.

आता दुसरी बाजू. हेच व्यंग घेऊन बावीस वर्षांचा तरुण येतो तेव्हा नुसत्या स्क्रूचा जोर दाढांना बाहेर कलंडवतो, त्यांची आतली टोके खाली लोंबून चावा उघडा पडतो, आणि बाहेरच्या बाजूची हिरडी उतरू लागते. त्याला एक तर टाळूच्या हाडात छोटे स्क्रू रोवून त्यांच्या आधाराने रुंदीकरण करावे लागते, जे दर वेळी साधतेच असे नाही. नाही तर शल्यविशारदाकडून जबड्याच्या भिंती कापून मग साधन फिरवावे लागते. आणि खालचा जबडा वाकडा वाढून गेला असेल तर त्याचा हिशेब वेगळाच.

असे असले तरी, मंत्रिमहोदय, सरसकट सर्व मुलांच्या टाळूंत स्क्रू बसवावेत अशी शिफारस मी करतो आहे असा समज कृपया होऊ देऊ नये. उलट माझ्या व्यवसायबंधूंपैकी काहींचा उत्साह मला चिंताजनक वाटतो. केवळ पुढचे दात दाटीवाटीने येत आहेत म्हणून, मूल घोरते म्हणून, किंवा पुढे कधी घोरेल म्हणून टाळू रुंद करण्याचा सल्ला देणारी शिबिरे शहरांत भरतात. त्याला पुरेसा आधार नाही. दोन्ही बाजूंना क्रॉसबाइट असून जबडा सरकत नसेल, तर थोडे थांबून कायमचे दात आल्यावर उपचार केला तरी बहुधा बिघडत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलांत काही क्रॉसबाइट आपोआप सुटतात, आणि काहींत अडखळणारा दुधाचा सुळा थोडा घासला की जबडा सरळ होतो. कायमची पहिली दाढ उलटी उगवली आणि जबडा सरकतो आहे, हे दोन्ही एकत्र दिसले, म्हणजे मग थांबण्यात अर्थ उरत नाही. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाला कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे धाडणे आणि अंगठ्याची सवय सोडवणे हेही त्याच वेळी झाले पाहिजे. मूळ कारण जागच्या जागी राहिले तर मिळवलेली रुंदी टिकत नाही.

म्हणून माझी मागणी मुद्दाम संकुचित ठेवली आहे. “दात वेडेवाकडे आहेत काय” असा रकाना घातला तर निम्मा वर्ग पुढे पाठवावा लागेल आणि जिल्हा रुग्णालये एका महिन्यात हात टेकतील. त्याऐवजी इयत्ता तिसरीच्या तक्त्यात एवढेच विचारावे: मोठा आ केल्यावर वरच्या-खालच्या दातांच्या मधल्या रेषा जुळतात आणि तोंड मिटल्यावर सरकतात काय, आणि सरकत असल्यास त्या बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात काय. दोन्हींचे उत्तर होय असेल, तरच पुढे पाठवावे. यासाठी पथकाला लाकडी पट्टी व बॅटरी यांपलीकडे काही लागत नाही, आणि ती त्यांच्याजवळ असतेच. पुढचा उपचार मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत दंतव्यंगोपचाराचे जे विभाग आहेत त्यांच्या नियमित फेऱ्या जिल्हा रुग्णालयांत ठेवून करता येईल.

दोन प्रकारच्या मुलांसाठी वेगळी तजवीज लागेल, आणि कागदी योजना बहुधा येथेच फसतात. आश्रमशाळेच्या वसतिगृहात चावी फिरवायला आई नसते. तेथे क्वाड-हेलिक्स नावाचे, चार वेटोळ्यांचे तारेचे साधन अधिक सोयीचे. ते बसवण्यापूर्वीच दंतवैद्य ताणून ठेवतो, महिन्या-दीड महिन्याने पाहतो, आणि घरी कोणी काही करायचे नसते. काढ-घाल करण्याच्या प्लेटा मात्र अशा ठिकाणी देऊच नयेत. त्या उशाखाली राहतात, आणि आठ ते दहा वयाच्या मुलांतील तुलनात्मक प्रयोगांतही त्या क्वाड-हेलिक्सच्या मागे पडल्या आहेत.

दुसरी मुले ऊसतोड कामगारांची. बीड, अहिल्यानगरकडची ही मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्यावर जातात आणि मार्च-एप्रिलात परततात. यांची तपासणी हिवाळ्यात ठेवली तर मूल पटावर असते, वर्गात नसते. त्यांची तपासणी शाळा उघडताच जूनमध्ये झाली, तर जुलै-ऑगस्टात रुंदीकरण होऊन दिवाळीपूर्वी स्क्रू थांबवता येतो. हाड भरण्याचे सहा महिने आणि गळिताचा हंगाम मग एकाच वेळी निघून जातात, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास मूल परतले की साधन काढता येते. पट्टी सुटून हलू लागली तर काय करायचे, याची एक ओळ आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा दूरध्वनी मुलाच्या तपासणी-पत्रिकेवर छापावा, कारण सैल पट्टीखाली दाढ किडते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

येत्या जूनपासून निदान दोन तालुक्यांत, एक आदिवासी व एक ऊसतोडीचा, हा रकाना प्रायोगिक तत्त्वावर सुरू करण्याचा हुकूम व्हावा. पथकातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना बॅटरी व पट्टी हातात देऊन शिकवायला अर्धा दिवस पुरतो. तो अर्धा दिवस मी आणि माझ्या जिल्ह्यातील माझे दोन सहकारी विनामोबदला देऊ.

आपला नम्र,
एक दंतव्यंगोपचार-तज्ज्ञ